गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं हातात आली की कुठलं घ्यायचं?

फेब्रुवारी-मार्च आला की साताऱ्यात ज्याच्या त्याच्या गच्चीवर कोणीतरी टेप घेऊन फिरत असतं, कारण सगळ्यांना जूनच्या आधी काम उरकायचं असतं. मग तीन जणांची कोटेशनं येतात, एकात दर चौरस फुटाला 32 रुपये, दुसऱ्यात 58, तिसऱ्यात 92, आणि घरात भांडण सुरू, की 32 मध्ये होतंय तर 92 कशाला घालवायचे. हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण तिघांनी मोजलेली गच्ची वेगळी, मारणार असलेला माल वेगळा आणि गॅरंटी म्हणजे काय याची प्रत्येकाची समजूत वेगळी. तर तिन्ही कोटेशनं एका पट्टीत कशी आणायची ते सांगतो. उदाहरणाला शाहूपुरीतल्या ओळखीच्या एका काकांची गच्ची घेतो, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत, तुमच्याकडं दर वेगळे निघतील पण हिशोबाची रीत तीच.

आधी स्वतः टेप लावा

काकांची गच्ची आतून 30 बाय 25, म्हणजे 750 चौरस फूट. पण वॉटरप्रूफिंग नुसतं जमिनीवर करून भागत नाही, पॅरापेटच्या आतल्या बाजूनं निदान एक फूट वर चढवावं लागतं, नाहीतर पाणी भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातून आत शिरतं. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून तिरका झोडपतो, त्यामुळं त्या बाजूचं पॅरापेट तर हमखास ओलं असतं. आता परिमिती काढा, 30 आणि 25 ची बेरीज दुप्पट म्हणजे 110 रनिंग फूट. एक फूट उंचीनं उभा भाग 110 चौरस फूट. म्हणजे खरं काम 860 चौरस फुटांचं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढं सारखा लागणार आहे. मीटरमध्ये तो जवळपास 80 चौरस मीटर होतो, एका चौरस मीटरमध्ये 10.76 चौरस फूट धरून.

टेप लावता लावता अजून दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे दोन बादल्या पाणी ओतून ते पावसाळी पाइपाकडं जातंय का कुठं साचतंय ते बघा. ढाळ साधारण शंभर फुटाला एक फूट तरी पाहिजे, म्हणजे दहा फुटाला सव्वा इंच धरा. काकांच्या गच्चीत टाकीच्या ओट्यापाशी एका कोपऱ्यात तळं व्हायचं. दुसरी म्हणजे लोखंडी रॉड किंवा हातोडीच्या दांड्यानं जुन्या कोब्यावर ठोकत फिरा. टणक आवाज आला तर कोबा धरून आहे, बद्द आवाज आला तर खाली पोकळ झालाय आणि त्या पोकळीत पाणी साठून बसलेलं असतं. अशा जागेवर कितीही भारी केमिकल मारलं तरी ते खालच्या सुटलेल्या थराबरोबर उठून येणार. पोकळ जागा खडूनं आखून ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला तीच आखणी दाखवा, म्हणजे सगळे एकाच कामाचा दर देतील.

आणि हो, गळती पावसाळ्याच्या बाहेर पण चालू असेल, जानेवारीतसुद्धा छताला ओल दिसत असेल, तर आधी टाकीचा ओव्हरफ्लो आणि पाइपलाइन तपासा. त्याला गच्ची वॉटरप्रूफ करून काडीचा उपयोग नाही.

दराची पट्टी एक करा

आता काकांची तीन कोटेशनं बघू.

पहिला 32 रुपयेवाला. ॲक्रिलिक कोटिंग, दोन कोट, 5 वर्षं गॅरंटी. स्वस्त वाटतं. पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, मोजमाप प्रत्यक्ष कामानुसार, जुना रंग-शेवाळ घासून काढणे 6 रुपये चौरस फूट वेगळे, वाटा 45 रुपये रनिंग फूट वेगळा, क्रॅक भरणे 40 रुपये रनिंग फूट वेगळं, जीएसटी वेगळा. वाटा म्हणजे पॅरापेटच्या बुडाशी कोपऱ्यात मारतात ती सिमेंटची गोलाई. काटकोनी कोपऱ्यात कोटिंग तडकतं म्हणून वाटा लागतोच, तो करायचा की नाही असं काही नसतं.

मांडू हिशोब. 860 गुणिले 32 म्हणजे 27,520. घासाईचे 750 गुणिले 6 म्हणजे 4,500. वाटा 110 गुणिले 45 म्हणजे 4,950. क्रॅक काकांनी स्वतः मोजलेले, साधारण 60 फूट भरले, त्याचे 2,400. झाले 39,370. त्याच्यावर 18 टक्के जीएसटी 7,087, एकूण 46,457. याला 750 नं भागा, 62 रुपये पडले चौरस फुटाला. 32 चे 62 झाले आणि यात फसवणूक काही नाही, सगळं त्यानं लिहून दिलेलं होतं, फक्त आपण वरचाच आकडा वाचतो.

दुसरा 58 वाला. टू कम्पोनन्ट, म्हणजे एक पावडर आणि एक दुधासारखं पॉलिमर लिक्विड एकत्र कालवून मारतात ते सिमेंटी कोटिंग. यानं मोजमाप फक्त जमिनीचं धरलेलं, वरचा एक फूट, वाटा, क्रॅक, सांध्यांवर फायबर जाळी, जीएसटी सगळं दरात. 750 गुणिले 58 म्हणजे 43,500, फुल अँड फायनल. गॅरंटी 5 वर्षं. म्हणजे हा पहिल्यापेक्षा स्वस्त निघाला.

तिसरा 92 वाला, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग, 10 वर्षं गॅरंटी. वाटा-क्रॅक-जीएसटी दरात, पण मोजमाप 860 चं. 79,120 रुपये, 750 नं भागलं की साडे एकशेपाच.

चौथा एक जुना मिस्त्री पण आलेला, तो म्हणाला, "काका, केमिकलच्या नादाला लागू नका, आहे त्याच्यावरच विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा ओततो, आयुष्यभर बघायला नको." कोबा वाईट नाही, नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो आणि ढाळ पण सुधारतो, पण वजन बघा. सरासरी साडेचार इंच जाडीचा कोबा चौरस फुटाला 20 किलोच्या आसपास भरतो, 750 फुटाला 15 टन. खाली जुना कोबा तसाच ठेवून वर अजून 15 टन टाकायचे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवा, नाहीतर जुना फोडून उतरवा आणि मग नवा करा. काकांचा स्लॅब पंचवीस-तीस वर्षांचा, त्यामुळं ते कोटेशन तिथंच बाजूला पडलं.

केमिकलचं नाव नाही, किलो विचारा

कोटेशनवर ब्रँडचं नाव असतं, "2 कोट" असतं, पण किती माल लागणार हे शंभरातल्या फार थोड्या कोटेशनवर असतं आणि खरी गोम तिथंच आहे. कोट म्हणजे ब्रश एकदा फिरला इतकंच. पाणी घालून पातळ केलेला पण कोटच आणि घट्ट मारलेला पण कोटच.

इथं एकच गणित लक्षात ठेवा. 1 लिटर माल 1 चौरस मीटरवर सारखा पसरला की ओला थर बरोबर 1 मिलिमीटरचा होतो. वाळल्यावर त्यातलं पाणी उडून जातं, ॲक्रिलिकमध्ये ढोबळमानानं निम्माच थर मागं उरतो. आता पहिल्या ठेकेदाराला काकांनी विचारलं, बादल्या किती आणणार? तो म्हणाला, "दोन बादल्यात आरामात बसतंय काका." 20 लिटरच्या दोन म्हणजे 40 लिटर, भागिले 80 चौरस मीटर, अर्धा लिटर पडला मीटरला. ओला थर अर्धा मिलिमीटर, वाळून पाव. त्याच मालाच्या टेक्निकल डेटा शीटवर दोन कोटांना मिळून मीटरला एक लिटर लिहिलेलं, म्हणजे चार बादल्या पाहिजेत. दोन बादल्यात जे होतं त्याला वॉटरप्रूफिंग म्हणत नाहीत, रंग म्हणतात. ही शीट कंपनीच्या वेबसाइटवर फुकट असते, नाहीतर मालाच्या दुकानदाराकडं मागा, आणि त्यात कव्हरेज एका कोटाचं दिलंय का दोन्हीचं मिळून ते नीट बघा, तिथं लय लोक गंडतात. शिवाय कोबा खडबडीत असेल तर गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा माल जास्तच पितो.

दुसऱ्यानं लिहून दिलेलं, मीटरला दीड किलो. 80 गुणिले दीड म्हणजे 120 किलो, 15 किलोचा सेट असेल तर 8 सेट. शीटशी जुळलं. यात लबाडी होते ती पाणी घालण्यात, पावडर आणि लिक्विड ठरलेल्या प्रमाणातच कालवायचं असतं आणि कामगार ब्रश नीट फिरावा म्हणून त्यात अजून मगभर पाणी ओततो, मग वाळल्यावर हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला येते. काम चालू असताना घरातलं कोणीतरी गच्चीवर चक्कर मारत राहिलेलं बरं.

तिसऱ्याची मजा बघा. पीयूची घनता पाण्यापेक्षा जास्त असते, साधारण 1.3 ते 1.4, म्हणजे 1 मिलिमीटर थराला काहीच वाया गेलं नाही तरी मीटरला 1.3 किलोच्या वर माल लागतो. कोटेशनवर लिहिलेलं "थर 1 मिमी" आणि तोंडी म्हणाला 20 किलोच्या 4 बादल्या. 80 किलो भागिले 80 मीटर, एक किलो. एवढ्यात पाऊण मिलिमीटरच्या वर थर जाऊच शकत नाही, मग 10 वर्षांची गॅरंटी कुठल्या थराची? हे कागदावर दाखवल्यावर तो काही वाईट वाटून न घेता 6 बादल्यांवर आला, पण दर 104 केला. म्हणजे आता 89,440, जमिनीच्या चौरस फुटाला 119. निदान आता तो खऱ्या कामाचा दर झाला.

तुम्ही एवढंच करा, कोटेशनवर एक ओळ लिहून घ्या की अमुक माल इतके किलो किंवा लिटर प्रति चौरस मीटर, डबे सीलबंद आणायचे, समोर फोडायचे आणि रिकामे डबे शेवटचं बिल होईपर्यंत गच्चीतच ठेवायचे. डबे मोजायला इंजिनिअर लागत नाही.

कुठला माल कुठं चालतो

ॲक्रिलिक उन्हाला चांगलं, स्वस्त, पांढरं घेतलं तर खालची खोली पण जरा गार राहते. पण पाणी साचून राहिलं की ते मऊ पडतं, फुगतं, सुटतं. काकांच्या त्या टाकीजवळच्या कोपऱ्यात ते पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उठलं असतं. ढाळ चांगला असलेल्या गच्चीला घ्यायला हरकत नाही.

टू कम्पोनन्ट ओलसर पृष्ठभागावर पण मारता येतं आणि सिमेंटला चांगलं धरतं. मात्र बऱ्याच कंपन्यांच्या शीटवर लिहिलेलं असतं की येण्याजाण्याची गच्ची असेल तर वरून संरक्षक थर घाला, म्हणजे प्लास्टरसारखा गिलावा किंवा टाइल. तो थर 58 मध्ये नव्हता. विचारल्यावर 35 रुपये चौरस फूट सांगितले, 26,250 वाढले, एकूण 69,750 झालं आणि दर गेला 93 वर. बघा आता, सुरुवातीला 32, 58, 92 होतं. त्यातला 32 वाला निम्म्या मालासकट 62 वर गेला, 58 वाला 93 वर आणि 92 वाला 119 वर.

पीयू रबरासारखं ताणतं, त्यामुळं उन्हानं स्लॅब प्रसरण पावून बारीक भेगा पडल्या तरी झाकून राहतं. पण खाली ओल असेल तर उन्हात तिची वाफ होऊन फोड येतात. याची तपासणी घरच्या घरी होते, दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा जाड कागद चारी बाजूनं टेप लावून गच्चीवर चिकटवा, रात्रभर ठेवा, सकाळी आतून थेंब धरले असतील तर अजून वाळू द्या. हे काम एप्रिलमध्ये करायचं ते यासाठीच, मे अखेरच्या वळवाच्या दोन सरी झाल्यावर पीयू मारायची घाई करू नका. आणि उन्हात उघडं राहणारं पीयू आहे का त्यावर टॉपकोट लागतो हे पण विचारा, काही प्रकार उन्हानं पिवळे पडून भुकटी होतात.

गॅरंटी वाचायची कशी

10 वर्षं, 15 वर्षं हे आकडे छापायला पैसे पडत नाहीत. कोण देतंय ते आधी बघा. कंपनीची गॅरंटी बहुतेक वेळा मालापुरती असते, म्हणजे माल खराब निघाला तर माल बदलून मिळेल, मजुरी तुमची. ठेकेदाराची गॅरंटी कामाची असते, ती जास्त उपयोगाची, पण तो गावात राहिला तर. म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी त्यानं केलेल्या दोन गच्च्यांचे पत्ते मागा आणि जाऊन खालच्या खोलीचं छत बघा. तीन महिन्यांपूर्वीची कामं दाखवत असेल तर त्याचा उपयोग नाही, त्यांनी अजून पावसाळाच बघितलेला नाही.

मग अटी. "स्ट्रक्चरल क्रॅक वगळून" असं असतंच आणि ते रास्त आहे, पण कुठला क्रॅक स्ट्रक्चरल हे नंतर ठरवायला गेलात तर प्रत्येक क्रॅक स्ट्रक्चरल निघतो. त्यामुळं कामाआधी आहेत त्या सगळ्या भेगांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा आणि "या भेगा कामात धरल्या आहेत" एवढं उत्तर घ्या. "गच्चीत ड्रिलिंग केल्यास गॅरंटी रद्द" हे पण असतं. वर्षभरात सोलर वॉटर हीटर किंवा पॅनेल बसवायचे असतील तर त्याचे ओटे आधी करून घ्या आणि मगच वॉटरप्रूफिंग. डिश अँटेनावाला आला आणि चार भोकं पाडून गेला की दहा वर्षांची गॅरंटी त्या दिवशी संपली. आणि गळती झाली तर नक्की काय करून देणार? गळक्या जागेला ठिगळ का पूर्ण गच्चीला परत कोट? किती दिवसात येणार? आतल्या रंगाचं नुकसान शक्यतो कोणी देत नाही, ते गृहीत धरा. हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी, बिलाचा नंबर आणि चौरस फूट टाकून घ्यायचं. बिल न घेता जीएसटी वाचवला तर गॅरंटीचा कागद कशाच्या जोरावर दाखवणार तेही ठरवा.

माझं मत विचाराल तर अटी नीट लिहिलेली 5 वर्षं ही मोघम 10 पेक्षा भारी. दर भागिले वर्षं करून स्वस्त-महाग ठरवू नका, तो हिशोब फक्त दोघांच्या अटी सारख्या असतील तरच लागू.

पाणी भरून बघणं कोटेशनमध्येच पाहिजे

काम वाळलं की पाइपाचं तोंड बंद करून गच्चीत पाणी भरायचं आणि 48 तास ठेवायचं. काकांच्या गच्चीत सरासरी दोन इंच पाण्याला साडेतीन हजार लिटर लागलं. उन्हाळ्यात एवढं पाणी नगरपालिकेच्या नळानं होत नाही, टँकर लागतो, म्हणून टँकर कोणाचा हे आधी लिहा. पॅरापेटवर पेन्सिलनं पातळीची रेघ मारा आणि शेजारी एका सरळ कडेच्या बादलीत पाणी ठेवून तिच्यातही रेघ मारा. मे महिन्यात पाणी उन्हानं उडणारच, त्यामुळं गच्चीची पातळी उतरली म्हणून लगेच घाबरायचं नाही, पण बादलीतलं जेवढं उतरलं त्यापेक्षा गच्चीतलं स्पष्ट जास्त उतरलं तर ते कुठंतरी जातंय. खालून छत पण सकाळ-संध्याकाळ हात लावून बघा, विशेषतः कोपरे आणि पाइपाभोवती. संरक्षक गिलावा असेल तर ही टेस्ट त्याच्या आधी, एकदा झाकल्यावर दोष कुठला ते सापडत नाही.

बाथरूमला रीत हीच, फक्त तिथं दर बहुतेक चौरस फुटाला न देता एका बाथरूमचा ठोक सांगतात. तेव्हा विचारायचं की फरशी फोडून आहे का वरूनच जॉइंट भरून, शॉवरच्या भिंतीवर किती फूट वर चढवणार, नहाणी ट्रॅप आणि पाइपाच्या बाजूचं ग्राउटिंग त्यात आहे का, आणि फोडलेल्या टाइल परत बसवायची मजुरी कोणाची. नवीन टाइल आणि डबर उचलायची मजुरी धरली की ठोक रक्कम बरीच फुगते, म्हणून तेही लिहून घ्या.

काकांनी शेवटी दुसऱ्याचं घेतलं, संरक्षक गिलाव्यासकट, कारण गच्चीत उन्हाळाभर पापड-कुरडया, वाळवणं आणि नातवंडांचं क्रिकेट चालतं आणि उघड्या पीयूवर खाट ओढली की ते फाटतं. गच्चीवर कोणी फारसं जात नसेल आणि कोबा टणक असेल तर मी सहा बादल्यांचा पीयू घेतला असता. पैशाचं त्यांनी असं ठरवलं, 30 टक्के माल गच्चीवर आल्यावर, 40 पाण्याची टेस्ट पास झाल्यावर, 20 गिलावा संपल्यावर आणि उरलेले 10 टक्के म्हणजे 6,975 रुपये जुलै अखेर, सलग आठवडाभर झड लागून गेल्यावर. ठेकेदार आधी कुरकुरला, मग कबूल झाला, आणि हे पण कोटेशनच्या खाली पेनानं लिहून दोघांनी सह्या केल्या.